पॅनिक अटॅक आला तर काय करायचं: मँचेस्टरला निघालेल्या धाकट्या भावाला ताईचं पत्र

प्रिय छोट्या,

बॅगेची यादी आईकडे आहे आणि कागदांची फाइल बाबांनी लावून ठेवली आहे. हे पत्र त्या दोन्हींत न बसणाऱ्या गोष्टीसाठी आहे. मला पॅनिकचा आजार आहे हे तुला माहीत आहे. सख्ख्या भावंडांत तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते आणि बहुतेकांना तो विशी-तिशीत पहिल्यांदा गाठतो. तुला तो होईलच असं अजिबात नाही. पण घर, झोपेची वेळ, जेवण, अभ्यासाची पद्धत आणि आजूबाजूची माणसं एकदम बदलली की एखादा अटॅक ज्याला कधीच काही झालेलं नाही अशा माणसालाही येतो. एक अटॅक म्हणजे आजार नव्हे. तो आल्यानंतरच्या पंधरा-वीस दिवसांत माणूस काय करतो त्यावर पुढचं बरंच ठरतं, म्हणून पत्रातला मोठा भाग त्याच दिवसांबद्दल आहे.

अटॅकमध्ये शरीरात काय होतं

बसलेल्या जागी छाती धडधडायला लागते, घाम फुटतो, हात थरथरतात, श्वास अपुरा पडतोय असं वाटतं. चक्कर येते, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, कधी आजूबाजूचं सगळं खोटं वाटायला लागतं. त्याच्या जोडीला एक ठाम विचार येतो: मला हार्ट अटॅक येतोय, मी आता पडणार, किंवा मला वेड लागतंय. हे सगळं काही मिनिटांत, साधारण दहाच्या आत, टोकाला पोहोचतं आणि मग आपोआप उतरतं. अर्ध्या तासात बहुतेक ओसरलेलं असतं. थकवा मात्र दिवसभर राहतो.

यातल्या प्रत्येक लक्षणाला साधं कारण आहे. धोका दिसल्यावर पळण्यासाठी शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, त्यानं हृदय जोरात चालतं. श्वासही वाढतो, पण आपण पळत नसतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि चक्कर येते. मुंग्यांचं कारणही तेच. म्हणजे हवा कमी पडतेय असं वाटत असतं तेव्हा खरं तर श्वास जास्त झालेला असतो. अशा वेळी मोठमोठे श्वास घेतले की त्रास वाढतो, आणि जवळची माणसं नेमकं तेच सांगतात: "मोठा श्वास घे."

बेशुद्ध पडण्याची भीती सगळ्यात जास्त छळते. माणूस बेशुद्ध पडतो तो बहुधा रक्तदाब एकदम खाली गेल्यावर. पॅनिकमध्ये तो सहसा वाढलेला असतो, म्हणून त्यात पडणारे फार थोडे. रक्त किंवा सुई बघून भोवळ येणारी माणसं असतात, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

त्या दहा मिनिटांत

आहेस तिथेच थांब. बसमध्ये असशील तर बसून राहा, वर्गात असशील तर खुर्ची सोडू नकोस. घड्याळात वेळ बघ आणि मनात म्हण, "नऊ दहाला सुरू झालं." मिनिटं मोजली की ते उतरताना दिसतं. एरवी ते कधी संपणारच नाही असं वाटत राहतं.

मग श्वास सोडणं लांबव. नाकानं चार आकडे होईपर्यंत हळू आत, सहा आकडे होईपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. छाती फुगवायची नाही, पोट हलेल एवढाच श्वास घ्यायचा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय कुणी सुचवला तर करू नकोस. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर त्यानं धोका होतो.

हा श्वास अटॅक थांबवायला घ्यायचा नाही, तिथे बसून राहता यावं म्हणून घ्यायचा. "चार-सहा करूनही थांबत नाही" म्हणून घाबरायला लागलास तर मोजणं सोडून दे आणि समोर जे आहे त्याच्याकडे लक्ष ने: पुढच्या सीटवरच्या माणसाची टोपी, स्टॉपचं नाव, फळ्यावरची ओळ. अटॅक श्वासावाचूनही उतरतो.

एक अपवाद लक्षात ठेव. छातीत दाबल्यासारखं दुखणं जबड्यात, हातात किंवा पाठीत जातंय, चालताना वाढतंय, पंधरा मिनिटांत हटत नाही, किंवा खरोखर शुद्ध गेली, तर पॅनिक असेल असं धरून बसायचं नाही. तिथल्या इमर्जन्सी नंबरला, ९९९ ला, फोन करायचा. पहिल्या अटॅकला शंका वाटली आणि तपासून घेतलं तर त्यात काही चूक नाही. तपासणी स्वच्छ आल्यावर दर अटॅकला तेच करत राहिलास तर मात्र ती सवय होते.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते

समजा ऑक्टोबरचा मंगळवार आहे. तू फॅलोफील्डहून ऑक्सफर्ड रोडच्या बसमध्ये बसलायस. रात्री असाइनमेंटमुळे चार तास झोप झाली आहे, सकाळी उपाशीपोटी मोठा मग भरून कॉफी प्यायलास. डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर खिडक्या बंद आहेत, ओल्या कोटांचा वास भरलाय आणि अटॅक येतो. तू पुढच्या स्टॉपला उतरतोस. उतरताक्षणी बरं वाटतं.

हे बरं वाटणंच घात करतं. अटॅक तसाही पाच-सात मिनिटांत उतरणारच होता, पण मेंदू हिशोब असा मांडतो: उतरलो म्हणून वाचलो, बस धोक्याची आहे. बुधवारी तू चालत जातोस. गुरुवारी पाऊस असतो म्हणून लेक्चर बुडवतोस. पुढच्या आठवड्यात लेक्चर हॉलमध्ये दाराजवळची खुर्ची शोधतोस, मग रांगेत उभं राहणं टाळतोस. महिन्याभरात अटॅक दोनच आलेले असतात, पण जगणं खोलीपुरतं उरलेलं असतं. यालाच आजार म्हणतात.

तिथे याला आणखी एक कंगोरा आहे. स्टुडंट व्हिसावरच्या मुलांची हजेरी आणि अभ्यासातला सहभाग यावर विद्यापीठाला लक्ष ठेवावंच लागतं. न सांगता सतत गैरहजर राहिलास तर प्रकरण व्हिसापर्यंत जाऊ शकतं. तब्येतीमुळे जाता येत नसेल तर त्याच आठवड्यात विभागाच्या ऑफिसला ईमेल करून कळव. कळवलेल्या सुट्टीचं काही तरी करता येतं, न कळवलेलीचं करणं अवघड जातं.

तर त्या मंगळवारनंतर करायचं असं. संध्याकाळी वहीत पायऱ्या लिहायच्या, सोप्यापासून अवघडपर्यंत, आणि प्रत्येकीसमोर भीतीचा आकडा शून्य ते शंभर. उदाहरणार्थ: स्टॉपवर उभं राहून दोन बस जाऊ देणं, ३०. सकाळी अकराच्या रिकाम्या बसमध्ये खाली बसून दोन स्टॉप, ४५. तीच बस शेवटपर्यंत, ५५. वरच्या मजल्यावर शेवटपर्यंत, ६५. सकाळी पावणेनऊच्या गर्दीत वरच्या मजल्यावर, ८०.

पायरी चढण्याआधी भाकीत लिहायचं, तेही स्पष्ट. "त्रास होईल" चालणार नाही. "तिसऱ्या स्टॉपच्या आत मी बेशुद्ध पडेन, खात्री सत्तर टक्के" असं लिही. परत आल्यावर त्याखाली काय झालं ते: "छाती धडधडली, घाम आला, आठ मिनिटांनी कमी झालं, पडलो नाही." भीती शून्यावर यायला हवी असा हट्ट धरू नकोस. भीतीसकट बसलास आणि भाकीत खोटं ठरलं, एवढं झालं की ती पायरी जमली. तीच पायरी आठवड्यात चार-पाच वेळा कर, कारण एकदाच जमलेलं मेंदू नशीब म्हणून सोडून देतो. खात्री वीस टक्क्यांच्या आसपास आली की पुढची घे.

हे ज्यांना जमत नाही त्यांचं बहुतेक एकाच ठिकाणी अडतं. ते बसमध्ये बसतात, पण पाण्याची बाटली हातात घट्ट धरून, दाराजवळ, कानात गाणी लावून, खिशात गोळी ठेवून. अटॅक येत नाही आणि श्रेय बाटलीला जातं. म्हणून वरच्या पायऱ्यांवर हे आधार एकेक करून सोडायचे. बाटली बॅगेत ठेव, मग गाणी बंद कर, मग दारापासून लांब बस.

जमलं तर पहिली पायरी त्याच आठवड्यात घे. जितके दिवस जातील तितका आकडा वाढतो. आणि कॉफीचं बघ. आपल्याकडच्या कटिंगवर जाऊ नकोस. तिथल्या फिल्टर कॉफीच्या मगात साधारण १४० मिलिग्रॅम कॅफिन असतं, चहाच्या मगात ७५, एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीच्या छोट्या कॅनमध्ये ८०. कॅफिनमुळे होणारी धडधड आणि पॅनिकची सुरुवात सारखीच जाणवते. पूर्ण बंद करायची गरज नाही, पण उपाशीपोटी नको आणि दुपारनंतर नको. दारूचंही तसंच. रात्री मन हलकं होतं आणि दुसऱ्या सकाळी तीच धडधड दामदुपटीनं परत येते.

फोनचा नियम

हा भाग लिहिताना मला जड जातंय, पण लिहिते. अटॅक चालू असताना मला फोन करू नकोस.

मी उचलला तर बोलेनच, "काही होत नाहीये तुला, मला माहीत आहे" असं सांगेनच, आणि तू शांत होशील. तीनदा असं झालं की मी तुझी पाण्याची बाटली होईन. मग मी झोपेत असताना अटॅक आला की तो दुप्पट होईल. तिथले घड्याळाचे काटे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात, त्यामुळे आपल्यातला फरक साडेचारावरून साडेपाच तासांवर जातो. तुझ्या रात्रीच्या अकराला ठाण्यात पहाटेचे साडेचार असतील.

अटॅक उतरल्यावर मात्र नक्की कर. तेव्हा मी तीनच गोष्टी विचारीन: किती वाजता सुरू झालं, तू कुठे होतास, आणि थांबलास की निघालास. "आता बरं वाटतंय ना?" हे मी विचारणार नाही, त्याचा रागबिग मानू नकोस. त्या प्रश्नानं माणूस परत स्वतःची नाडी तपासायला लागतो.

आईबाबांशी मी बोलून ठेवीन. आई ऐकेल आणि पहिलं वाक्य म्हणेल, "बाळा, परत ये." त्यात तिचा जीव आहे, पण पॅनिकमध्ये परतीचं तिकीट म्हणजे सर्वात मोठी पळवाट. तिला आपण असं सांगू की रोज रात्री जेवायच्या वेळी फोन होईल, ठरलेल्या वेळी, दहा-पंधरा मिनिटं, आणि त्यात अटॅकची चौकशी शेवटी एकदाच. मधल्या वेळात दहा मेसेज करून "ठीक आहेस ना?" विचारायचं नाही. तूही दर तासाला "ठीक आहे" पाठवायचं नाही. न विचारता पाठवलेला "ठीक आहे" हाही एक आधारच असतो.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. जगू नये असं वाटलं, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, किंवा रात्रभर तसे विचार फिरत राहिले, तर नियम विसर. मला कुठल्याही तासाला फोन कर, आणि त्याआधी तिथल्या तिथे १११ लावून पर्याय २ निवड. ती मानसिक आरोग्याच्या तातडीच्या मदतीची सेवा आहे, रात्रीही चालू असते. जीव धोक्यात असेल तर ९९९. नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर फुकट आहे.

डॉक्टरकडे कधी आणि कसं

नाव नोंदवणं बरं असतानाच करायचं. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात, राहायचा पत्ता पक्का झाला की जवळच्या जीपी सर्जरीत, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, नोंद कर. व्हिसाबरोबर आपण हेल्थ सरचार्ज भरला आहे, वर्षाला ७७६ पौंड. त्यामुळे जीपीला भेटायचे वेगळे पैसे लागत नाहीत. नोंदणीला पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र दाखवणं बंधनकारक नाही, तरी काउंटरवर मागतात. जवळ असेल तर दाखव, नसेल तर त्यासाठी परत पाठवता येत नाही हे नम्रपणे सांग. औषध लिहून दिलं तर प्रत्येक औषधामागे दहा पौंडांच्या आत शुल्क पडतं.

कधी जायचं? महिन्यात दोन-तीन अटॅक आले, किंवा अटॅक एकच आला पण तू बस, वर्ग, दुकान असं काहीतरी टाळायला लागलास, किंवा सलग दोन आठवडे झोप मोडली, तर जायचं. टाळणं हे अटॅकच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं लक्षण आहे.

भेट साधारण दहा मिनिटांची असते, म्हणून कागदावर लिहून ने. आपल्या लोकांची सवय अशी की आपण फक्त शरीराचं सांगतो, "छातीत गॅस धरतो, चक्कर येते, बहुतेक बीपी लो होतं," आणि डॉक्टर पोटाच्या गोळ्या देतात. "टेन्शन येतं" म्हटलं तर परीक्षेचा ताण समजतात. पहिल्याच वाक्यात पॅनिक अटॅक असं नाव घे. मग किती वेळा आले, किती मिनिटं टिकले, त्यामुळे तू काय करायचं सोडलंस, आणि बहिणीला पॅनिकचा आजार आहे. माझ्या औषधाचं नाव आणि डोस मी तुला वेगळा लिहून देते. एकाच्या औषधानं घरातल्या दुसऱ्यालाही गुण येतो का, हे डॉक्टर विचारात घेतात. आत्महत्येचे विचार येतात का हा प्रश्न ते विचारतीलच. तो सगळ्यांना विचारतात, खरं उत्तर दे. तिथलं बोलणं ते आईबाबांना किंवा विद्यापीठाला कळवत नाहीत. जिवाला धोका दिसला तरच त्याला अपवाद होतो.

इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीज नावाची सरकारी मानसोपचार सेवा आहे. तिच्यासाठी जीपीकडे नोंद असावी लागते, पण त्यांची चिठ्ठी लागत नाही. वेबसाइटवर फॉर्म भरून तू स्वतःच नाव देऊ शकतोस. आधी फोनवर प्रश्न विचारतात, मग पॅनिकसाठी सीबीटी देतात, म्हणजे विचार आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारे बोलण्याचे उपचार. वरच्या पायऱ्यांचा जो प्रकार मी लिहिला तो त्याचाच भाग आहे, फक्त तिथे तो शिकलेल्या माणसाबरोबर करता येतो. विद्यापीठाची समुपदेशन सेवाही असते, पण तिथे थोड्याच भेटी मिळतात. दोन्हीकडे एकाच दिवशी नाव घाल, कारण वाट बघावी लागते आणि वाट बघताना टाळणं वाढतं.

गोळी सुरू करायची ठरली तर बहुधा सर्ट्रालीनसारखं औषध देतील. त्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत घबराट थोडी वाढूही शकते. इथेच बरेचजण "मला हे सोसत नाही" म्हणून सोडून देतात. वाढली तर डॉक्टरांना फोन कर, स्वतःहून बंद करू नकोस. बरं वाटल्यावरही एकदम बंद करायची नसते.

माझ्या कपाटातल्या गोळ्यांना हात लावू नकोस, "असू देत सोबत" म्हणूनही नको. क्लोनाझेपाम आणि अल्प्राझोलाम ब्रिटनमध्ये नियंत्रित औषधं आहेत, आणि तुझं विमान दुबईहून जातंय, तिथले नियम त्याहून कडक आहेत. दुसऱ्याच्या नावाच्या गोळ्या सापडल्या तर समजावणं फार कठीण होईल. शिवाय पॅनिकच्या आजारासाठी या गोळ्या देऊ नयेत, अशीच तिथल्या डॉक्टरांना मार्गदर्शक सूचना आहे.

निघायच्या आधी ठाण्यात

आपल्या नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच करून घे. रक्त कमी असणं किंवा थायरॉइड वाढलेलं असणं यानंही धडधड होते. हे रिपोर्ट इंग्रजीत फोनमध्ये ठेव, म्हणजे तिथे पहिल्या भेटीत शून्यापासून सुरुवात होणार नाही.

रिपोर्ट स्वच्छ आले आणि दमा वगैरे नाही हे डॉक्टरांनी सांगितलं की घरी एक सराव कर. मिनिटभर मुद्दाम भरभर श्वास घे. थांब, काय जाणवतं ते बघ. मग गच्चीपर्यंत जिना पळत चढ. मग फिरत्या खुर्चीत मिनिटभर गोल फिर. चक्कर, मुंग्या, धडधड या सगळ्या गोष्टी पॅनिकशिवाय, नुसत्या शरीराच्या हालचालीनं येतात आणि दोन-तीन मिनिटांत जातात, हे एकदा अंगावर घेतलेलं असलं की परदेशात त्याच जाणिवेचा अर्थ लावताना गोंधळ कमी होतो. एकदा करून सोडू नकोस, आठवडाभर रोज कर.

चार-सहाचा श्वास शांत खोलीत शिक, पण तिथेच ठेवू नकोस. आधी संध्याकाळी तलावपाळीच्या फेरीत कर, मग सकाळच्या सीएसएमटी फास्टमध्ये दारापासून लांब, मधल्या गर्दीत उभं राहून. निवांत असतानाच केलेली गोष्ट गर्दीत आठवत नाही.

आणि निघण्यापूर्वी कुणा जाणकाराशी एकदा बोलावंसं वाटलं तर डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आपल्याच ठाण्यात आहे. देशात असताना सरकारची टेलिमानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ वर मराठीतही मिळते. माझं नाव सांगायची गरज नाही, आणि तू गेलास हे मला सांगायचीही गरज नाही.

ईसीजी आणि रक्त शनिवारी करून टाक. या तपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही, नाश्ता करून जा.

तुझी,
ताई